फोन उचलल्यावरचं पहिलं वाक्य

बँक, विमा कंपनी, गॅस एजन्सी, मोबाइल कंपनी. क्रमांक कुठलाही लावा. ‘एक दाबा, चार दाबा’ करत अखेर माणूस भेटतो आणि पलीकडून एका दमात ऐकू येतं, ‘नमस्कार, आज मी आपली काय सहाय्यता करू शकते?’ मराठी माणूस घरात, बाजारात किंवा शेजारी कुणाशीही असं बोलत नाही. इंग्रजी वाक्य कुणीतरी कागदावर मराठीत उतरवलं आणि ते देशभरच्या हेडफोनांमध्ये जाऊन बसलं. फोन करणारा आता ते ऐकतही नाही. ते संपायची वाट पाहतो आणि मग आपलं गाऱ्हाणं सुरू करतो.

हे वाक्य शिळं झालंय, हे कंपन्यांनाही कळतं. मग उपाय निघतात. आवाजात हसू आणा. ग्राहकाचं नाव तीनदा घ्या. चॅटच्या खिडकीत हात हलवणारं पिवळं तोंड टाका. ‘आजचा दिवस कसा चाललाय तुमचा?’ असं विचारा. ज्याचे पैसे खात्यातून गेलेत आणि एटीएममधून आलेले नाहीत, त्याला हा प्रश्न कसा लागत असेल, याचा विचार ही वाक्यं लिहिणारे करत नसावेत.

या सगळ्या उपायांमागे एक समजूत असते, की वाक्य फार वापरलं गेलं म्हणून बिघडलं. तसं असतं तर ‘नमस्कार’ कधीच बिघडला असता. खरा प्रश्न वेगळा आहे. समोरच्याने पुढे काय बोलावं याची जागा पहिलं वाक्य तयार करतं, आणि हे वाक्य अनेकदा चुकीची जागा तयार करतं. ही गोष्ट अंदाजाने सांगावी लागत नाही. फोनवरच्या आणि दवाखान्यातल्या संभाषणांची ध्वनिमुद्रणं पुन्हा पुन्हा ऐकून, त्यातला श्वास आणि अडखळणंसुद्धा लिहून काढून अभ्यास करणारी एक विद्याशाखाच आहे. तिची सुरुवात जिथून झाली, तिथेही हाच प्रश्न होता.

१९६३-६४ मध्ये हार्वे सॅक्स हा तरुण समाजशास्त्रज्ञ लॉस एंजेलिसमधल्या आत्महत्यांचा अभ्यास करणाऱ्या एका केंद्रात काम करत होता. मानसिक त्रासात असलेली माणसं किंवा त्यांचे नातेवाईक मदतीसाठी जे फोन करत, त्यांची ध्वनिमुद्रणं त्याच्यासमोर होती. कर्मचाऱ्यांची अडचण साधी होती. फोन करणारे नाव सांगत नव्हते. थेट विचारलं तर ‘कशाला हवंय?’ असं म्हणत. सॅक्सने संभाषणांच्या सुरुवाती काढून शेजारी शेजारी ठेवल्या, तेव्हा त्याला दिसलं की कर्मचारी ‘हॅलो’ म्हणाला तर पलीकडूनही ‘हॅलो’ येतं. कर्मचारी आपलं नाव सांगून ‘मदत करू का?’ म्हणाला तर पलीकडचाही बहुधा आपलं नाव सांगतो. म्हणजे नाव न विचारता नाव मिळत होतं. पहिल्या वाक्याने दुसऱ्याचा साचा घालून दिला होता.

मग एका फोनवर वेगळंच झालं. कर्मचाऱ्याने नाव सांगितलं आणि पलीकडचा म्हणाला, ऐकू येत नाहीये. कर्मचाऱ्याने नाव पुन्हा सांगितलं, पलीकडच्याने ते परत उच्चारून खात्री करून घेतली आणि संभाषण पुढे सरकलं. त्याचं स्वतःचं नाव मात्र राहूनच गेलं. नाव सांगायची जी जागा होती, ती त्याने ‘ऐकू येत नाही’ म्हणून भरून टाकली होती. त्याला खरंच ऐकू आलं नसेल का, याला महत्त्व नाही. तक्रार न करता, खोटं न बोलता, नकार न देता नाव टाळता येतं, हे सॅक्सला दिसलं.

त्याच ध्वनिमुद्रणांत आणखी एक नमुना सापडतो. ‘मी मदत करू का?’ या प्रश्नाला दुकानात सरळ उत्तर असतं, हो, मला हे हवंय. या फोनांवर मात्र कुणी म्हणायचा, माहीत नाही, भावाने तुम्हाला फोन करायला सांगितलं. त्याने तो प्रश्न खराच मानला होता. तुम्ही मदत करू शकाल की नाही, हे मला कसं ठाऊक? मदत कुठल्या प्रकारची मिळते, आपला प्रश्न त्यात बसतो का, हे ज्याला माहीत आहे त्याच्यासाठीच हे वाक्य सोयीचं असतं. ज्याला खरी गरज असते, त्याला बहुधा ते माहीत नसतं. सॅक्सने १९६४ पासून ही उदाहरणं आपल्या वर्गात मांडली. १९७५ मध्ये मोटार अपघातात तो गेला तेव्हा चाळिशीचा होता. त्याची व्याख्यानं पुस्तकरूपाने १९९२ मध्ये आली.

सॅक्सचा सहकारी इमॅन्युएल शेग्लॉफ याने त्याहून अगदी लहान गोष्ट हाती घेतली: फोन वाजल्यावर आधी कोण बोलतं? अमेरिकेतल्या एका पोलीस कार्यालयात आलेल्या सुमारे ५०० फोनांच्या सुरुवाती त्याने तपासल्या. नियम सरळ दिसत होता, उचलणारा आधी बोलतो. पण एका फोनवर पोलिसाने रिसीव्हर उचलला, क्षणभर शांतता पसरली आणि फोन करणाराच आधी ‘हॅलो’ म्हणाला. दुसरा कुणी असता तर पाचशेत एक अपवाद म्हणून सोडून दिला असता. शेग्लॉफने त्या एका फोनासाठी आपला सगळा सिद्धान्त बदलला. १९६८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लेखात त्याने दाखवलं, की फोनवरचं पहिलं बोलणं म्हणजे घंटा. फोन करणाऱ्याने ती वाजवून हाक मारलेली असते. उचलणाऱ्याचा ‘हॅलो’ हे त्या हाकेला दिलेलं ‘ओ’ आहे. ओ आली नाही, तर हाक मारणारा पुन्हा हाक मारतो. त्या एका फोनवर तेच झालं होतं.

यातून निघणारा निष्कर्ष कॉल सेंटरांच्या प्रशिक्षकांनी फारसा मनावर घेतलेला दिसत नाही. हाक मारणाऱ्याला आपण हाक का मारली, हे ठाऊक असतं. ओ मिळाली आणि योग्य जागी फोन लागलाय याची खात्री पटली, की तो आपणहून बोलायला लागतो. त्याला ‘सांगा, काय मदत करू’ म्हणण्याची गरज बहुतेक वेळा नसतेच. डॉन झिमरमन याने अमेरिकेतल्या आपत्कालीन सेवांना येणाऱ्या फोनांचा अभ्यास केला. तिथला कर्मचारी फोन उचलून फक्त शहराचं नाव आणि ‘इमर्जन्सी’ एवढं म्हणायचा. प्रश्न विचारायचाच नाही. तरीही फोन करणारा लगेच सांगायचा, माझी गाडी कुणीतरी फोडलीये. ब्रिटनमध्ये ९९९ लावला तर ऑपरेटर विचारतो, कुठली सेवा हवी आहे: पोलीस, अग्निशमन की रुग्णवाहिका? अमेरिकेतल्या अनेक केंद्रांत आता पहिला प्रश्न पत्त्याचा असतो, कारण पुढच्या क्षणी फोन तुटला तरी पत्ता हाती असेल तर गाडी पाठवता येते. जिथे मदत खरोखर जीवन-मरणाची असते, तिथे मदतीचा शब्दही उच्चारला जात नाही.

मराठी दुकानदाराला हे शास्त्र कुणी शिकवलेलं नाही, पण त्याचं ‘बोला’ याच तत्त्वावर चालतं. त्यात प्रश्न नसल्यामुळे ‘नाही’ म्हणायची सोयच उरत नाही. गिऱ्हाइकाला बोलायची पाळी दिली आणि दुकानदार गप्प बसला. त्याच्या सुरात कंटाळा असेल तर तो भाग वेगळा.

राज्य सरकारने २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये शासकीय कर्मचाऱ्यांना फोनवर ‘हॅलो’ऐवजी ‘वंदे मातरम्’ म्हणायला सांगितलं, तेव्हा पहिल्या शब्दावर बरीच चर्चा झाली. बाजूने आणि विरोधात दोन्हीकडून बोललं गेलं ते त्या एका शब्दाबद्दल. त्या शब्दाच्या पुढच्या दोन सेकंदांत काय होतं याकडे कुणी वळलं नाही, आणि फोन करणाऱ्याचं काम तर तिथेच ठरतं.

इथपर्यंत वाचून असं वाटेल की मदतीचं वाक्य काढून टाकलं की झालं. पण दवाखान्यातला अभ्यास तिथे थांबू देत नाही. लॉस एंजेलिसमधले जॉन हेरिटेज आणि न्यू जर्सीतले जेफ्री रॉबिन्सन यांनी सामान्य डॉक्टरांच्या तीनशेच्या आसपास भेटींच्या सुरुवाती तपासल्या आणि २००६ मध्ये निष्कर्ष मांडले. डॉक्टर ‘आज काय करू तुमच्यासाठी?’ अशा मोकळ्या प्रश्नाने सुरुवात करत, तेव्हा रुग्ण जास्त वेळ बोलत आणि जास्त लक्षणं सांगत. डॉक्टर नर्सने लिहून ठेवलेली चिठ्ठी पाहून ‘सर्दीने बेजार दिसताय’ असं म्हणत, तेव्हा रुग्ण ‘हो’ म्हणून दोन शब्द बोलत आणि मग डॉक्टरच्या प्रश्नांची वाट पाहत बसत. पहिल्या प्रकारात रुग्णांचं समाधानही जास्त होतं. म्हणजे ज्या वाक्याला आपण शिळं म्हणतोय, ते इथे चांगलं काम करत होतं.

मग बिघडतं कुठे, हे रॉबिन्सनच्या दुसऱ्या कामातून कळतं. त्याने रुग्ण डॉक्टरकडे का येतो याचे तीन प्रकार केले. एक, नवीन त्रास घेऊन. दोन, आधीच्या त्रासाचं पुढे काय झालं हे दाखवायला. तीन, मधुमेहासारख्या कायमच्या आजाराच्या नेहमीच्या तपासणीला. या तिघांना तीन वेगळ्या सुरुवाती लागतात. नव्या त्रासासाठी ‘काय झालंय?’ हा प्रश्न योग्य. पुन्हा आलेल्याला ‘गुडघा कसा आहे आता?’ असं विचारावं लागतं. नेहमी येणाऱ्याला ‘मधल्या काळात काही नवीन?’ एवढं पुरतं. रुग्णाला आपला प्रकार माहीत असतो, आणि त्याला हेही माहीत असतं की डॉक्टरलाही तो माहीत असायला हवा. गेल्या आठवड्यात गुडघ्यात इंजेक्शन घेतलेला माणूस पुन्हा समोर बसला आणि डॉक्टरने विचारलं, ‘बोला, काय त्रास होतोय?’, तर वाक्य सभ्यच आहे. पण त्याचा अर्थ होतो, तुम्ही कोण ते मला आठवत नाही आणि मी कागदही पाहिलेला नाही.

‘आज काय सहाय्यता करू?’ हे वाक्य माणसांना का टोचतं, ते इथे कळतं. चौथ्यांदा फोन करणाऱ्याला ते पहिल्यांदा आल्यासारखं वागवतं. त्याचा तक्रार क्रमांक आहे, नोंद आहे, आधी तिघांशी बोलणं झालंय, संस्थेच्या पडद्यावर हे सगळं दिसतंय. तरी पलीकडचा पाटी कोरी करून बसलेला. वरून ‘आज’ हा शब्द. कालचं काय झालं ते आधी सांगा, असं ओठांवर येतं. वाक्य जुनं आहे म्हणून त्रास होत नाही. ते नव्या माणसाचं वाक्य आहे आणि जुन्या माणसाला सांगितलं जातंय, म्हणून होतो.

आनंदी सूर लावल्याने ही चूक झाकली जात नाही, उलट उठून दिसते. त्याची किंमत मोजलेली उदाहरणंही आहेत. अमेरिकेतल्या सेफवे या किराणा दुकानांच्या साखळीने १९९० च्या दशकात कर्मचाऱ्यांना नियम घालून दिले: गिऱ्हाइकाच्या डोळ्यात पाहायचं, हसायचं, शक्य असेल तिथे नावाने हाक मारायची. नियम पाळले जातात की नाही हे पाहायला गुप्त गिऱ्हाईक पाठवली जात. १९९८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या काही महिला कर्मचाऱ्यांनी तक्रार केली की पुरुष गिऱ्हाइकं या सक्तीच्या हसण्याचा भलता अर्थ काढतात, मागे लागतात. कामगार संघटनेने हा मुद्दा उचलून धरला. ज्यांनी कोऱ्या चेहऱ्याने माल स्कॅन केला असता त्या बायकांना, कंपनीचा नियम म्हणून, नको त्या माणसाकडे पाहून हसावं लागत होतं.

वॉलमार्ट १९९७ च्या अखेरीस जर्मनीत गेली तेव्हा दारात स्वागत करणारा माणूस आणि हसरे चेहरे हे आपले अमेरिकी रिवाज सोबत घेऊन गेली. जर्मन गिऱ्हाइकांना ते विचित्र वाटलं. कंपनीने २००६ मध्ये तिथली ८५ दुकानं विकून काढता पाय घेतला. त्याचं सगळं खापर हसण्यावर फोडणं मात्र चुकीचं. तिथले स्वस्त दुकानदार आणि कामगार कायदे ही मोठी कारणं होती. हसणं हा त्या गोष्टीचा लोकांच्या लक्षात राहिलेला भाग.

दुकानाच्या दारातल्या माणसाचा प्रश्न फोनपेक्षा वेगळाही आहे. फोन करणारा काम ठरवून आलेला असतो. दुकानात शिरलेल्याचं तसं नसतं. न्यूयॉर्कचा पॅको अंडरहिल याने वर्षानुवर्षं दुकानांतली गिऱ्हाइकं पाहून नोंदी केल्या आणि १९९९ मध्ये पुस्तक लिहिलं. माणूस आत शिरल्यावर पहिली काही पावलं उजेड, गारवा, आवाज यांच्याशी जुळवून घेण्यात घालवतो. तिथे ठेवलेल्या टोपल्या, लावलेल्या पाट्या त्याला दिसत नाहीत. तिथेच ‘काय दाखवू?’ म्हणून कुणी आडवं आलं, तर उत्तर ठरलेलं असतं, ‘नाही, असंच बघतोय.’ हे म्हटल्यावर गिऱ्हाइकाचीच पंचाईत होते, कारण पाच मिनिटांनी खरंच काही विचारायचं असेल तर त्याला आपलंच वाक्य मागे घ्यावं लागतं. साड्यांच्या दुकानातला मुरलेला सेल्समन हे जाणतो. तो मान हलवून ‘या’ म्हणतो, हातातलं घडी घालायचं काम चालू ठेवतो, आणि गिऱ्हाइकाचा हात एखाद्या पदरावर दुसऱ्यांदा गेला की तिथे येऊन म्हणतो, ‘यात मोरपंखीपण आहे.’ त्याने काही विचारलेलंच नसतं. पाहिलेलं असतं.

आता हे सगळं एका साध्या जागेवर लावून पाहू. समजा, तालुक्याच्या गावातली एक रक्त तपासणारी लॅब आहे. काउंटरवर एक मुलगी बसते. दिवसभर फोन वाजतो आणि ती प्रत्येक वेळी लॅबचं लांबलचक नाव, ‘डायग्नोस्टिक सेंटर’सकट, आणि पुढे ‘मी आपली काय मदत करू शकते?’ एवढं बोलते. मालकाला वाटतं की हे कोरडं आहे. तो तिला ‘गोड बोल’ म्हणून सांगणार, त्याआधी त्याने एक गोष्ट करावी. आठवडाभर तिच्याशेजारी एक वही ठेवावी. फोन करणाऱ्याचं नाव-गाव नको, फक्त त्याचं पहिलं वाक्य जसंच्या तसं लिहायचं.

त्या वहीत काय निघेल, याचा अंदाज कुठल्याही लॅबमध्ये बसलेल्याला करता येईल. बरीच वाक्यं ‘हॅलो, लॅब ना?’ अशी असतील. याचा अर्थ नाव पोचलेलं नाही. फोन जोडला गेल्यावरचा पहिला क्षण कान लावण्यात जातो, आणि नाव नेमकं त्याच क्षणी, सर्वात वेगात म्हटलं जातं. त्यावर उपाय इतकाच, की आधी ‘नमस्कार’ म्हणायचं, अर्धा श्वास थांबायचं आणि मग नाव सांगायचं. तेही पाटीवरचं पूर्ण नाव नको, गावात लोक त्या लॅबला ज्या नावाने ओळखतात ते. नाव शेवटी आलं आणि त्यानंतर शांतता राहिली, की फोन करणारा बोलायला लागतो. मदतीचं वाक्य गळून पडलं तरी कुणाच्या लक्षातही येत नाही.

दुसरी मोठी रांग असेल ‘काल रक्त दिलं होतं’ या सुरुवातीची. हे रॉबिन्सनच्या दुसऱ्या प्रकारातले लोक, पुन्हा आलेले. यांना ओळख हवी असते. पडद्यावर क्रमांक दिसतो, नोंद उघडलेली असते. अशा वेळी मुलगी म्हणू शकते, ‘कालची तुमची नोंद दिसतेय समोर, बोला.’ इथे दोन ठिकाणी पाय घसरतो. पहिलं, अंदाज बांधून ‘रिपोर्टसाठीच फोन केला ना?’ असं विचारलं तर समोरचा ‘हो’ म्हणून टाकतो, आणि रक्त काढल्यापासून हात सुजलाय ही खरी गोष्ट मागे राहते. डॉक्टरांच्या अभ्यासात दिसलं तेच. त्यामुळे माहीत आहे एवढं सांगावं, पण वाक्य उघडं ठेवावं. दुसरं, फोन कुणाच्या हातात आहे हे माहीत नसतं. नोंदीतला क्रमांक सुनेचा असतो आणि फोनवर सासू असते. म्हणून नाव आणि तपासणी कशाची होती, हे खात्री होईपर्यंत तोंडातून निघता कामा नये. आत्मीयता दाखवण्याच्या नादात एखादीच्या गर्भचाचणीची बातमी घरभर जाऊ शकते.

तिसरी रांग उपाशीपोटी यायचं का, चहा चालेल का, अशी. यांना सुरुवात कशी झाली याने काही फरक पडत नाही. त्यांना उत्तर हवं असतं, आणि तेही नीट. साखरेची उपाशी तपासणी असेल तर किमान आठ तास काही खायचं नाही, पाणी चालतं, चहा चालत नाही, एवढं काउंटरवरच्या मुलीला पाठ असलं की काम झालं.

आणि वहीच्या कोपऱ्यात थोडे फोन असे असतील, ज्यांचं पहिलं वाक्य नीट सुरूच होत नाही. ‘नाही म्हणजे... तो रिपोर्ट आला ना, त्यात ते लाल अक्षरात...’ संख्या कमी, पण सर्वात जास्त जपायला हवेत ते हे. ही लॉस एंजेलिसच्या फोनांमधली ‘माहीत नाही, भावाने सांगितलं’ म्हणणारी माणसं. त्यांना घाईने ‘रिपोर्टबद्दल डॉक्टरांना विचारा’ म्हटलं की ती लगेच फोन ठेवतात. यांच्यासाठी जुना मोकळा प्रश्नच बरा: ‘काय झालंय, सांगा ना.’ आणि त्यानंतर मध्ये न बोलता ऐकणं. लाल अक्षराचा अर्थ ती मुलगी सांगू शकत नाही, तिने सांगूही नये. पण लॅबचे डॉक्टर किती वाजता फोनवर मिळतील, हे सांगू शकते.

एवढ्याने लॅबला एका वाक्याऐवजी तीन-चार सुरुवाती मिळाल्या, आणि कुठली कधी वापरायची हे मुलीच्या हातात आलं. वाक्य सगळ्यांसाठी एकच ठेवायचा आग्रह मालकांना सोयीचा वाटतो, कारण ते तपासता येतं. चांगली सुरुवात अशी तपासता येत नाही. ती कमी-जास्त होते, मुलगी थकली की रुक्ष होते. थोडं रुक्ष चालतं. आठव्या तासाला आवाजात साखर घोळायची सक्ती केली तर काय होतं, ते आर्ली हॉकशिल्डने १९८३ मध्येच हवाईसुंदरींच्या कामावर लिहून ठेवलंय. चेहऱ्यावरचं आणि मनातलं यांतलं अंतर रोज सांभाळण्याचा शीण हा कामाचा भाग असतो आणि त्याचा पगार वेगळा मिळत नाही.

सुरुवातीने काय साधत नाही, तेही सांगायला हवं. एलिझाबेथ स्टोको आणि तिच्या सहकाऱ्यांनी इंग्लंडमधल्या तीन दवाखान्यांत स्वागतकक्षाला आलेले ४४७ फोन तपासले आणि २०१६ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. फोनची सुरुवात कशी होते, यावर त्यांचा भर नव्हता. त्यांनी पाहिलं, की रुग्णाने ‘डॉक्टरांची वेळ हवी’ म्हटल्यावर पुढे काय होतं. काही ठिकाणी ‘आज जागा नाही’ एवढं सांगून स्वागतिका थांबायची. मग उद्याचं विचारायचं, दुसऱ्या डॉक्टरचं विचारायचं, आता ठरलं ना याची खात्री करून घ्यायची, हे सगळं ओझं रुग्णावर. काही ठिकाणी मात्र ‘आज नाही, पण उद्या साडेनऊला चालेल का?’ असा पर्याय न मागता पुढे यायचा. ज्या दवाखान्यात रुग्णाला असं ढकलत राहावं लागत होतं, त्याच दवाखान्याला रुग्णांच्या राष्ट्रीय पाहणीत कमी गुण मिळाले होते.